म्युच्युअल फंडावरचा व्हिडिओ : उदाहरण एकच, परताव्याचे आश्वासन नाही

वस्तीत म्युच्युअल फंड समजावताना बहुतेक जण भिशीपासून सुरुवात करतात. आम्ही ते टाळतो. भिशीत नंबर लागला की ठरलेली रक्कम हातात येते. म्हणून ‘हे भिशीसारखंच आहे’ म्हणताच ऐकणाऱ्याला हमी ऐकू येते, आपण ती दिलेली नसली तरी. दामदुप्पट योजनांत पैसे बुडालेल्या घरांशी बोलताना तर हे उदाहरण नकोच.

भाव खालीही येतो, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल असे उदाहरण हवे. बाजारातला माल त्यासाठी चांगला. संहितेचा मुख्य भाग असा लिहिता येईल :

“शंभर घरांनी शंभर-शंभर रुपये काढले. दहा हजार जमले. त्याचे दहा रुपयांचे एक, असे हजार वाटे केले. प्रत्येक घराला दहा वाटे. बाजार कळणाऱ्या एका माणसाने त्या पैशांतून कांदा, लसूण, मिरची, चिंच, तूरडाळ घेतली. महिन्याभराने लसूण वधारला, पण कांदा पडला. आजच्या भावाने सगळा माल 9,200 रुपयांचा. त्या माणसाचा मेहनताना 100 रुपये. उरले 9,100. म्हणजे एक वाटा 9 रुपये 10 पैशांचा. आज बाहेर पडणाऱ्या घराला शंभराचे 91 मिळतील. आज नव्याने येणारं घरही याच भावाने वाटा घेईल.”

एवढे झाल्यावरच नावे सांगायची. वाटा म्हणजे युनिट, वाट्याचा आजचा भाव म्हणजे एनएव्ही, माल निवडणारा फंड मॅनेजर आणि त्याच्या मेहनतान्यासह चालवण्याचा खर्च म्हणजे एक्स्पेन्स रेशो. हा खर्च तोटा झाला तरी कापला जातो. पाच प्रकारचा माल का घेतला, हेही इथेच कळते : एकाचा फटका दुसऱ्याने थोडा सावरतो. पण सगळेच भाव पडले तर सावरायला काही उरत नाही.

आकडा मुद्दाम तोट्याचा घेतला आहे. आधी नफा दाखवला की प्रेक्षक तेवढाच लक्षात ठेवतो. उदाहरणाची मर्यादाही एका वाक्यात सांगावी : फंड कांदा-लसूण नव्हे, कंपन्यांचे शेअर किंवा कर्जरोखे घेतो, आणि त्यावर सेबीचे नियम लागू असतात. सेबी नियमन करते, नफ्याची हमी देत नाही.

संहितेतून ‘सुरक्षित’, ‘नक्की’, ‘एफडीपेक्षा जास्त’ हे शब्द आणि टक्केवारी काढून टाका. ‘दरमहा एसआयपी केली की तोटा होत नाही’ हेही खोटेच. एसआयपी ही फक्त हप्त्याने पैसे भरण्याची पद्धत आहे. कुठल्याही योजनेचे नाव घेऊ नका.

चित्रीकरणापूर्वी ही संहिता शेअर बाजाराशी संबंध नसलेल्या कुणाला तरी वाचून दाखवा आणि एकच प्रश्न विचारा : “हजार रुपये टाकले तर वर्षाने किती मिळतील?” उत्तर ‘सांगता येत नाही, कमीही होतील’ असे आले तर कॅमेरा लावा. ‘निदान हजार तरी मिळतीलच’ असे आले तर कुठल्या वाक्यावरून तसे वाटले, ते त्यांनाच विचारा आणि ते वाक्य बदला.