वैरातून प्रेम
प्रणयकादंबरीतील एक लोकप्रिय कथाबंध. इंग्रजीत त्याला ‘एनिमीज टू लव्हर्स’ म्हणतात. एकमेकांचा तिटकारा असलेले दोघे हळूहळू प्रेमात पडतात. लटके लग्न, जुन्या प्रेमाची दुसरी संधी असे इतरही कथाबंध रूढ आहेत. पण मनाच्या पालटाला इतका वाव दुसऱ्या कशात क्वचितच मिळतो.

जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) या कादंबरीत हा कथाबंध फार नेटका आढळतो. एकूण ६१ प्रकरणांपैकी ३४व्या प्रकरणात नायक डार्सी नायिका एलिझाबेथला मागणी घालतो, तीही तिच्या घराण्याचा कमीपणा बोलून दाखवत. ती संतापून नकार देते. दुसऱ्या दिवशी तो तिच्या हाती एक पत्र देतो. ते ती पुन्हापुन्हा वाचते आणि डार्सीची निंदा करणाऱ्या विकमवर आपण डोळे झाकून विश्वास टाकला, हे तिला उमगते. पुढे डार्सी विकमचे कर्ज गुपचूप फेडून त्याच्याबरोबर पळून गेलेल्या तिच्या धाकट्या बहिणीची अब्रू वाचवतो.

वाचकाचे समाधान या संथ पालटात आहे. ज्याचा राग येतो त्याच्यावर माणसाची नजर सतत असते. म्हणून ओढ अचानक उगवल्यासारखी वाटत नाही. शिवाय ज्याने आपले दोष पाहिले त्यानेच आपल्याला निवडावे, ही प्रत्येकाची आतली इच्छा असते.

वैर एका संभाषणात मिटण्याजोगे असेल, तर कथा पोकळ होते. नायकाच्या क्रौर्याची भरपाई न होता त्यालाच प्रेम म्हटले, तर ती खटकते.