धने-जिरे पूड : सुवास किती दिवस टिकतो?

उन्हाळ्यात वर्षभराचा मसाला करून ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. मात्र धने-जिरे पूडही त्याच हिशेबाने केली, तर पावसाळा सरण्याआधीच तिचा सुवास उडालेला असतो आणि आमटीत चमचाभर जास्त घालूनही चव येत नाही.

याचे कारण दाण्याच्या रचनेत आहे. धने आणि जिरे यांचा सुवास त्यांच्यातील उडून जाणाऱ्या तेलात असतो. दाणा अखंड असेपर्यंत हे तेल आत सुरक्षित राहते. दळल्यावर मात्र ते हवेच्या थेट संपर्कात येते. म्हणूनच अखंड धने वर्षभर चांगले राहतात, तर भाजून केलेली पूड पहिले तीन-चार आठवडेच खऱ्या अर्थाने सुवासिक असते. त्यानंतर दोन-तीन महिने ती वापरता येते, पण तिचा जोर कमी झालेला असतो.

भाजण्याने दाण्यातील ओलावा जातो, तो ठिसूळ होतो आणि त्याला खमंगपणा येतो. त्यासाठी जाड बुडाची कढई आणि मंद आच हवी. जिरे बारीक असल्याने लवकर करपते, म्हणून दोन्ही जिन्नस वेगवेगळे भाजावेत. धन्यांचा रंग किंचित गडद झाला आणि दाणा बोटांत सहज चुरडला, की ते झाले असे समजावे. काळपट जिरे पूड कडवट करते. आच बंद केल्यावरही तापलेली कढई दाणे भाजतच राहते, त्यामुळे ते लगेच ताटात पसरावेत.

दळण्यापूर्वी दाणे पूर्ण निवायला हवेत. मिक्सर सलग न फिरवता थांबून थांबून फिरवावा, कारण त्याच्या उष्णतेनेही सुवास उडतो. कोमट पूड बरणीत भरल्यास झाकणाला पाणी सुटते, गुठळ्या होतात आणि पुढे बुरशी येते.

प्रमाण ठरवताना घरातील खप पाहावा. रोज सुमारे 5 ग्रॅम पूड लागत असेल, तर 200 ग्रॅम धने व 50 ग्रॅम जिऱ्यांची पूड जवळजवळ 50 दिवस पुरते. म्हणजे शेवटची निम्मी पूड सुवास ओसरल्यावरच वापरली जाते. त्याऐवजी 100 ग्रॅम धने व 25 ग्रॅम जिरे घेतल्यास ती साधारण 25 दिवसांत संपते. उरलेले दाणे न भाजता ठेवावेत.

पूड घट्ट झाकणाच्या लहान काचेच्या बरणीत, शेगडीपासून दूर व अंधारात ठेवावी. फ्रीजमध्ये ठेवल्यास बरणी बाहेर काढून तिचा गारवा गेल्यावरच उघडावी, अन्यथा पूड दमट होते.

शंका आल्यास चिमूटभर पूड तळहातावर चोळून हुंगावी. वास मंद असेल, तर ती लवकर संपवावी. वास खवट असेल, तर दाण्यातील स्निग्धांश बिघडला आहे. अशी पूड पुन्हा भाजूनही सुधारत नाही, ती टाकून द्यावी.