नेत्याचा पक्षप्रवास तारखेनिशी कसा शोधावा? हरसूलच्या मतदारसंघाचे उदाहरण

हरसूल हे त्र्यंबकेश्वर तालुक्यातले गाव इगतपुरी (अनुसूचित जमाती) विधानसभा मतदारसंघात येते. इथल्या मतदाराने 2009 ते 2024 या काळात दोन आमदार पाहिले आणि दोघांनीही पक्ष बदलला. निर्मला गावित काँग्रेसच्या आमदार होत्या, त्या शिवसेनेत गेल्या. त्यांचा पराभव करून काँग्रेसकडून हिरामण खोसकर निवडून आले, ते पुढे राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये गेले. गावात विचारले तर 'कोण कधी कुठे गेले' याची चार वेगवेगळी उत्तरे मिळतात. रस्ता, वनहक्क दावा किंवा आश्रमशाळेचा प्रश्न घेऊन लोकप्रतिनिधीला जाब विचारायचा असेल, तर त्या दिवशी ते कोणत्या पक्षात होते आणि तो पक्ष सत्तेत होता की विरोधात, हे आधी पक्के करावे लागते. तारीख चुकली की उत्तर देणाऱ्याला पळवाट मिळते. चुकीचा आरोप केला तर बदनामीही आपल्याच पदरी येते.

पक्षाची सदस्य नोंदवही मिळत नाही

सरळ वाट म्हणजे पक्षालाच विचारणे. पण राजकीय पक्ष आपली सदस्य नोंदवही लोकांसाठी खुली ठेवत नाहीत. केंद्रीय माहिती आयोगाने 3 जून 2013 रोजी सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकार कायद्याखाली येतात असा निर्णय दिला होता. पक्षांनी तो पाळलेला नाही. त्यामुळे पक्ष कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकून प्रवेशाची तारीख हाती लागेल, या भरवशावर राहू नये.

पक्षाने स्वतः लिहून दिलेला एक कागद मात्र सरकारी दप्तरात असतो. तो म्हणजे उमेदवारीचा बी फॉर्म, ज्याला आपण बोलीत 'एबी फॉर्म' म्हणतो. ए फॉर्मवर तिकीट देण्याचा अधिकार कोणाला आहे ते असते आणि बी फॉर्मवर उमेदवाराचे नाव असते. संबंधित व्यक्ती पक्षाची सदस्य असून तिचे नाव पक्षाच्या सदस्य नोंदवहीत आहे, असा दाखला पक्षाचा अधिकृत पदाधिकारी बी फॉर्मवर सहीनिशी देतो. हा कागद उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी 3 वाजेपर्यंत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचावा लागतो.

यातून प्रवेशाची नेमकी तारीख कळत नाही, पण प्रवेश त्या तारखेच्या नंतरचा नाही एवढे पक्के होते. 2019 च्या विधानसभा निवडणुकीत अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस 4 ऑक्टोबर होता आणि 2024 मध्ये 29 ऑक्टोबर. म्हणून 4 ऑक्टोबर 2019 पर्यंत गावित शिवसेनेच्या आणि खोसकर काँग्रेसचे सदस्य झालेले होते, हे कोणत्याही बातमीशिवाय सिद्ध होते. उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र affidavit.eci.gov.in या संकेतस्थळावर पाहता येते. आपण कोणत्या पक्षाचे उमेदवार आहोत की अपक्ष, हे त्यात उमेदवार स्वतः लिहितो. बी फॉर्मची प्रत हवी असेल तर निवडणूक कार्यालयात अर्ज करावा आणि तो लवकर करावा, कारण निवडणुकीचे कागद कायमचे जपून ठेवले जात नाहीत.

तीन राजीनामे, तीन तारखा

'राजीनामा दिला' या दोन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. पहिला आमदारकीचा राजीनामा. तो विधानसभा अध्यक्षांकडे द्यावा लागतो आणि अध्यक्षांनी स्वीकारला तरच जागा रिकामी होते. दुसरा पक्षाच्या प्राथमिक सदस्यत्वाचा. तो प्रदेशाध्यक्षांकडे किंवा जिल्हाध्यक्षांकडे जातो आणि त्याची नोंद बहुतेक वेळा पत्रापुरतीच उरते. तिसरा पक्षातल्या पदाचा. जिल्हाध्यक्षपद सोडले म्हणजे पक्ष सोडला असे होत नाही. बातमीत नुसते 'राजीनामा' असेल तर तो कशाचा आणि कोणाकडे दिला, हे सापडेपर्यंत तारीख टिपणात पक्की करू नये. तसेच राजीनामा 'सादर केला' आणि 'मंजूर झाला' यात काही दिवसांचे अंतर असू शकते. दोन्ही तारखा वेगळ्या लिहाव्यात.

आमदारांच्या बाबतीत विधिमंडळातही नोंद असते. पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीखालील 1986 च्या नियमांनुसार प्रत्येक सदस्याला आपल्या पक्षाची माहिती ठराविक नमुन्यात द्यावी लागते आणि विधानमंडळ सचिवालय त्याची नोंदवही ठेवते. आमदारकी कधी आणि कशाने संपली हा वाद असेल, तर वर्तमानपत्राआधी या सचिवालयाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करावा.

उदाहरण पहिले: निर्मला गावित

2009 आणि 2014 च्या निकालपत्रकांत त्यांच्या नावापुढे काँग्रेस आहे. 2019 च्या निकालपत्रकात शिवसेना आहे. म्हणजे बदल या दोन निवडणुकांच्या मध्ये झाला. एवढी पाच वर्षांची चौकट मिळाली की बातम्या शोधणे सोपे होते. 2019 च्या निवडणुकीपासून नाशिक आवृत्त्या मागे चाळत गेले की ऑगस्टमध्ये बातमी सापडते. त्यांनी आमदारकीचा राजीनामा दिला आणि 21 ऑगस्ट 2019 रोजी मुंबईत शिवसेनेत प्रवेश केला.

इथे एक नेहमीची चूक होते. छापील वर्तमानपत्रात ही बातमी 22 तारखेच्या अंकात येते आणि अनेक टिपणांत प्रवेशाची तारीख 22 होऊन बसते. बातमीत 'बुधवारी' असा शब्द असतो. 21 ऑगस्ट 2019 ला बुधवार होता, म्हणून घटना 21 ची आणि अंक 22 चा. वार आणि तारीख जुळवून पाहिल्याशिवाय छापील अंकाची तारीख उचलू नये.

दुसरी चूक क्रियापदाची. 'प्रवेश करणार', 'प्रवेश निश्चित', 'प्रवेशाच्या मार्गावर' अशा मथळ्यांची बातमी प्रवेशाचा पुरावा नसते. 'प्रवेश केला' असे भूतकाळात लिहिलेली, ठिकाण आणि उपस्थित नेत्यांची नावे देणारी बातमीच घ्यावी आणि शक्यतो दोन वेगळ्या वर्तमानपत्रांच्या बातमीदारांची घ्यावी. एकाच वृत्तसंस्थेची बातमी पाच ठिकाणी छापून आली तरी पुरावा एकच असतो.

उदाहरण दुसरे: हिरामण खोसकर

24 ऑक्टोबर 2019 च्या निकालात ते काँग्रेसचे आमदार झाले. 12 जुलै 2024 रोजी विधान परिषदेची निवडणूक झाली. काँग्रेसची काही मते फुटल्याची चर्चा झाली, त्यात त्यांचेही नाव घेतले गेले आणि त्यांनी ते नाकारले. हे मतदान गुप्त असते. त्यामुळे 'जुलैमध्ये पक्ष सोडला' असे लिहायला आधार नाही. त्या दिवसाची नोंद 'काँग्रेसचे आमदार' हीच राहते.

14 ऑक्टोबर 2024 रोजी त्यांनी अजित पवार यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये प्रवेश केला. दुसऱ्याच दिवशी, 15 ऑक्टोबरला, विधानसभा निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाला. 23 नोव्हेंबरच्या निकालात ते राष्ट्रवादीचे आमदार म्हणून निवडून आले. प्रवेशाची बातमी, अर्जाची मुदत आणि निकाल या तिन्ही गोष्टी एका ओळीत बसतात, म्हणून 14 ऑक्टोबर ही तारीख भरवशाची ठरते.

पक्षच बदलला, माणूस नाही

अलीकडच्या महाराष्ट्रात सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. निवडणूक आयोगाने 17 फेब्रुवारी 2023 रोजी 'शिवसेना' हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिले. 6 फेब्रुवारी 2024 रोजी 'राष्ट्रवादी काँग्रेस' आणि घड्याळ अजित पवार यांच्या गटाला दिले. उद्धव ठाकरे किंवा शरद पवार यांच्यासोबत जागच्या जागी थांबलेल्या कार्यकर्त्याने कुठेही 'प्रवेश' केला नाही, तरी कागदावरचे त्याच्या पक्षाचे नाव बदलले. अशा व्यक्तीसमोर पक्षांतराची तारीख लिहिणे चूक आहे. तिथे 'पक्षाचे नाव बदलले' अशी वेगळी नोंद करावी.

आपल्या चळवळीच्या इतिहासात याचे जुने उदाहरण नाशिकचेच आहे. 1957 च्या लोकसभा निवडणुकीत दादासाहेब गायकवाड नाशिकमधून निवडून आले ते शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार म्हणून. रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला, म्हणजे निवडणुकीनंतर. म्हणून '1957 मध्ये रिपब्लिकन पक्षाचे खासदार म्हणून निवडून आले' हे वाक्य चुकीचे ठरते, आणि 'फेडरेशन सोडून रिपब्लिकनमध्ये गेले' हेही. फेडरेशनच नव्या पक्षात विलीन झाले होते. याच हिशेबाने 6 डिसेंबर 1956 रोजी परिनिर्वाण झालेल्या बाबासाहेबांना रिपब्लिकन पक्षाचे सदस्य म्हणता येत नाही. पक्षाची कल्पना त्यांची, पण सदस्यत्वाची शेवटची नोंद फेडरेशनची.

गावपातळीवर काय सापडते

हरसूलसारख्या ठिकाणी प्रश्न आमदारापेक्षा सरपंच आणि जिल्हा परिषद सदस्याचा जास्त असतो. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही. निकालानंतर 'आमच्या पक्षाचे इतके सरपंच' असे आकडे प्रत्येक पक्ष देतो, त्यांना निवडणूक दप्तरात आधार नसतो. जिल्हा परिषद आणि पंचायत समिती मात्र पक्षचिन्हावर होते. तिथल्या सदस्यांचे पक्ष आणि गट यांची नोंद 1986 च्या स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायद्याखाली जिल्हाधिकारी कार्यालयात असते. अपक्ष निवडून आलेला सदस्य नंतर कोणत्या गटात गेला, हे तिथे अर्ज केल्यास कळू शकते.

टिपण कसे ठेवावे

प्रत्येक घटनेची एक ओळ करावी आणि तारखेच्या पुढे तिचा आधार लिहावा. इगतपुरीचे टिपण असे दिसेल:

- 2009, 2014: गावित, काँग्रेसच्या आमदार. आधार: निकालपत्रक.
- 21 ऑगस्ट 2019: गावित, शिवसेनेत प्रवेश. आधार: बातमी, वार जुळवलेला.
- 4 ऑक्टोबर 2019 पर्यंत: गावित शिवसेनेच्या सदस्य, खोसकर काँग्रेसचे सदस्य. आधार: बी फॉर्म.
- 24 ऑक्टोबर 2019: खोसकर, काँग्रेसचे आमदार. आधार: निकालपत्रक.
- 14 ऑक्टोबर 2024: खोसकर, राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये प्रवेश. आधार: बातमी.
- 23 नोव्हेंबर 2024: खोसकर, राष्ट्रवादीचे आमदार. आधार: निकालपत्रक.

जिथे नेमका दिवस सापडत नाही तिथे 'अमुक तारखेनंतर, तमुक तारखेपूर्वी' असे लिहावे. नेत्याच्या वाढदिवसाच्या पुरवणीत किंवा त्याच्या स्वतःच्या परिचयपत्रात आलेली तारीख वेगळ्या रंगात ठेवावी, कारण तिथे अडचणीची वर्षे बहुधा गाळलेली असतात. ग्रामसभेत किंवा प्रचारसभेत प्रश्न विचारताना वाचून दाखवायची ती फक्त कागदाचा आधार असलेली ओळ.