उसळीत ऊर्जा जाते कुठे? बेलांजेचं समीकरण आणि दरवाजाखालचं पाणी

आपल्या उल्हासनगर-अंबरनाथच्या नळाला येणारं बरंचसं पाणी बदलापूरजवळच्या बारवी धरणातलं असतं. ते धरणातून बारवी नदीत, तिथून उल्हास नदीत येतं आणि जांभूळजवळ उचललं जातं. म्हणजे धरणातून सुटलेलं पाणी आधी नदीत उतरावं लागतं. पण दरवाजाखालून निसटणाऱ्या पाण्याचा वेग भयंकर असतो. तसंच सोडलं, तर ते नदीचा तळ उकरून धरणाच्या पायापर्यंत येईल. ते शांत करायचं कसं, हा आजचा प्रश्न आहे.

एक उदाहरण घेऊ. आकडे बारवीचे नाहीत, समजण्यासाठी घेतले आहेत. दरवाजामागे पाणी 8 मीटर खोल आहे आणि दरवाजा 80 सेंटीमीटर उचलला आहे. खालून निघताना धार आकसते आणि जाडी सुमारे 50 सेंटीमीटर राहते. वेग असतो सेकंदाला 12 मीटर. पुढे नदीचं पाणी संथ आणि खोल. ही पातळ, वेगवान धार त्या संथ पाण्याला भिडली की पाणी एकदम उसळतं, पांढरंशुभ्र होतं, घुसळतं आणि पुढे संथ होतं. इंजिनिअर याला हायड्रॉलिक जंप म्हणतात. ही उसळी किती उंच असेल?

तुरीनच्या जॉर्जो बिदोनेने या उसळीवरचे आपले प्रयोग 1820 मध्ये प्रसिद्ध केले. 1828 मध्ये फ्रेंच इंजिनिअर बेलांजेने गणित मांडलं. त्याने धरलं की उसळीच्या आधीची आणि नंतरची ऊर्जा सारखीच राहते. वाटायला हे अगदी सरळ वाटतं. पण आपल्या उदाहरणात हे लावून बघा: उसळीनंतरची खोली येते सुमारे 7.8 मीटर! म्हणजे पाणी जवळजवळ दरवाजामागच्या पातळीइतकं वर चढायला हवं. असं कुठे होतं का हो? गंमत अशी, की लहान उसळीत ऊर्जेचा व्यय थोडाच असतो, त्यामुळे तिथे हे गणित फारसं चुकत नाही आणि चूक लपून राहते.

पुढे बेलांजेने स्वतःच पाया बदलला. 1841 मध्ये छापलेल्या त्याच्या व्याख्यानांत संवेगाचं समीकरण आहे. घुसळणीत ऊर्जा किती जाते हे आधी ठाऊक नसतं, म्हणून तिचा ताळेबंद मांडता येत नाही. पण दोन्ही बाजूंच्या पाण्याचा दाब आणि संवेग यांचा हिशेब मांडता येतो, कारण आतल्या घुसळणीने एकूण संवेग बदलत नाही. त्याचं सूत्र आजही वापरतात:

y₂ = (y₁/2)(√(1 + 8F²) − 1)

इथे y₁ ही धारेची जाडी, y₂ उसळीनंतरची खोली आणि F = v/√(g·y₁) हा फ्रूड आकडा. आपला F येतो 5.4 आणि y₂ येते 3.6 मीटर. ऊर्जा निम्म्याहून थोडी जास्त खर्ची पडते. ती नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. पण पाणी तापतं जेमतेम एका अंशाच्या शंभराव्या भागाने, म्हणून हाताला कळत नाही.

आता उसळीसाठी बांधायचं कुंड, म्हणजे स्टिलिंग बेसिन. समजा तेवढ्याच विसर्गाला खाली नदीची खोली 2.5 मीटरच आहे. उसळीला 3.6 मीटर हवेत. मग धार उसळीला कुंडाबाहेर ढकलते आणि काँक्रीट संपतं तिथे तळ उखडू लागतो. उपाय म्हणजे कुंडाचा तळ खाली नेणं. पण 1.1 मीटर खाली नेऊन भागत नाही. पाणी जास्त खाली पडतं, वेग वाढतो आणि उसळीला आणखी खोली लागते. पुन्हा गणित केलं की 1.3 मीटरला जमतं: तेव्हा हवेत 3.8 मीटर, मिळतात 3.8 मीटर. लांबी साधारण या खोलीच्या सहापट, म्हणजे 23 मीटर धरतात. शेवटी एक उंबरठा घालतात.

मग तळ आणखी खोल का नेऊ नये? कारण खाली पाणी गरजेपेक्षा फार झालं की उसळी बुडते. वरून सगळं शांत दिसतं, पण धार तळालगत तशीच पुढे सरकत जाते. म्हणून पांढरा, घुसळणारा फेस दरवाजापुढे कुंडातच दिसला तर काम नीट चाललंय. तो उंबरठ्यापलीकडे गेला, किंवा अजिबात दिसेनासा झाला, तर तपासायला हवं.

शिवाय दरवाजा कमी-जास्त उघडतो, नदीची पातळीही बदलते, तेव्हा एकाच विसर्गाला बसवलेलं कुंड पुरत नाही. सगळे विसर्ग तपासावे लागतात. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळेत धरणांची लहान प्रतिकृती करतात, ती याचसाठी. प्रतिकृतीत वेग आणि खोली दोन्ही कमी असतात, पण फ्रूड आकडा तोच ठेवतात, म्हणून उसळी तशीच उठते. फेसातले हवेचे बुडबुडे मात्र त्या प्रमाणात लहान होत नाहीत, एवढी मर्यादा लक्षात ठेवायची.

बेलांजेचा धडा असा: निसर्गात काय टिकतं हे विचारण्याआधी, इथे कशाचा हिशेब आपल्याला पूर्ण मांडता येतो, हे विचारावं.