पैसा कुठे मोजायचा? वर्ध्याच्या १९३७ च्या परिषदेतून एक धडा

संशोधनाचा पहिला प्रस्ताव लिहिताना मी एक साधा आलेख काढला होता. आडव्या अक्षावर दर विद्यार्थी सरकारी खर्च, उभ्या अक्षावर मुलांचं वाचन. विज्ञान शाखेतून आल्यामुळे मला वाटायचं, की एका बाजूने काय घातलं आणि दुसऱ्या बाजूने काय निघालं हे मोजलं की झालं. माझ्या मार्गदर्शकांनी आलेख बघून एकच प्रश्न विचारला, "यातला छेद कोणता?" त्या प्रश्नाचा अर्थ मला खरा कळला तो वर्ध्याचा जुना इतिहास वाचताना. तुम्ही शिक्षणावर काम करायचं ठरवत असाल, तर हा इतिहास आधी वाचा. तुमचे काही महिने वाचतील.

सुरुवात वर्ध्याच्या थोडी आधी करू. १९२९ मध्ये सर फिलिप हार्टोग यांच्या समितीचा अहवाल आला. आधीच्या काही वर्षांत प्राथमिक शाळांचा पट वाढला होता, खर्चही वाढला होता. समितीने मात्र वेगळी गोष्ट तपासली. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर १०० मुलांमागे १९२५-२६ मध्ये चौथीत किती होती? उत्तर आलं फक्त १८. बाकीची एकतर शाळा सोडून गेली होती किंवा खालच्याच वर्गात अडकली होती. समितीने पहिल्या प्रकाराला गळती म्हटलं आणि दुसऱ्याला स्थगिती.

इथे जरा थांबा. या आकड्यात एक अडचण आहे. समितीने तीच १०० मुलं नावानिशी शोधली नव्हती. पहिलीचा पट आणि तीन वर्षांनंतरचा चौथीचा पट यांची तुलना केली होती. त्यामुळे किती मुलं गेली आणि किती अडकली, हे एका आकड्यावरून वेगळं करता येत नाही. तरीही मोठी गोष्ट स्पष्ट झाली. पैसा शाळेच्या दारात मोजला जात होता आणि शिकणं मोजायचं तर वर्गाच्या शेवटी जावं लागत होतं. मधल्या वाटेचा हिशेब कुणाकडेच नव्हता.

आता वर्ध्याला येऊ. १९३७ च्या निवडणुकांनंतर अनेक प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं आली आणि त्यांच्यासमोर एक विचित्र पेच उभा राहिला. प्रांतांच्या तिजोरीत दारूवरच्या अबकारी कराचा मोठा वाटा होता आणि शाळांचा खर्च त्याच तिजोरीतून व्हायचा. दारूबंदी हे काँग्रेसचं वचन, सार्वत्रिक शिक्षण हेही वचन. दोन्ही एकदम कसं पाळायचं? (वर्धा जिल्ह्यात आजही दारूबंदी आहे, त्यामुळे हा पेच इथल्या माणसाला फार समजावून सांगावा लागत नाही.)

गांधीजींनी त्यावर जे सुचवलं, त्यावर चर्चा करायला २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. सूचना अशी होती, की सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण मातृभाषेतून द्यायचं, ते एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफायचं आणि मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघाला पाहिजे. नंतर झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि डिसेंबरमध्ये तिचा अहवालही आला. हीच पुढे नई तालीम किंवा वर्धा योजना म्हणून ओळखली गेली.

समितीचं वेळापत्रक फार बोलकं आहे. शाळेचा दिवस साडेपाच तासांचा. त्यातले ३ तास २० मिनिटं हस्तोद्योगाला. मातृभाषेला ४० मिनिटं, संगीत, चित्रकला आणि गणिताला मिळून ४० मिनिटं, समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञानाला ३० मिनिटं. उरलेली २० मिनिटं व्यायामाला आणि सुट्टीला. वर्षाला शाळेचे दिवस २८८.

चला, आपणच हिशेब करून बघू. शिक्षकाला महिना २५ रुपये मिळावेत अशी अपेक्षा होती, म्हणजे वर्षाला ३०० रुपये. वर्गात ३० मुलं धरा. प्रत्येक मुलाने वर्षाला १० रुपये मिळवायला हवेत. २८८ दिवस रोज ३ तास २० मिनिटं, म्हणजे एका मुलाचे वर्षाला ९६० तास. १० रुपये म्हणजे १६० आणे. थोडक्यात, दर सहा तासांच्या कामामागे एक आणा. ऐकायला फार नाही वाटत. पण हा निव्वळ आणा आहे, कापसाची किंमत वजा जाऊन उरलेला. आणि कातणारं मूल सात वर्षांचं आहे, टकळी नुकतीच हातात धरलेली, पेळूतून धागा ओढताना दर थोड्या वेळाने सूत तुटतंय. वरच्या वर्गातली मुलं जास्त कमावतील आणि सात वर्षांची सरासरी बरोबर बसेल, असा योजनेचा भरवसा होता.

परिषदेतच अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी यावर बोट ठेवलं. शाळांचा माल बाजारात आला, तर ज्यांचं पोट त्याच धंद्यावर आहे त्या कारागिरांशी मुलांची स्पर्धा होईल, हा त्यांचा मुद्दा होता. गांधीजींचं म्हणणं असं, की माल सरकारने विकत घ्यावा. पण मग बघा काय होतं. सरकार माल घेणार म्हणजे पैसा पुन्हा तिजोरीतूनच जाणार, फक्त तो खर्च आता "शिक्षण" या खात्याऐवजी "खरेदी" या खात्यात दिसणार. खर्च कमी होत नाही, त्याची जागा बदलते. अंदाजपत्रकांवर काम करताना ही गोष्ट कायम लक्षात ठेवा.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते मात्र समितीने स्वतःच्याच योजनेबद्दल दिलेला इशारा. तिने लिहिलं, की ही योजना राबवताना आर्थिक बाजूवर जास्त भर दिला जाईल आणि शिकण्याचा हेतू मागे पडेल, हा धोका खरा आहे. शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्यात गुंतेल आणि त्या कामातून जे शिकवायचं ते राहून जाईल. म्हणजे तुम्ही जे मोजाल तेच वाढेल. सूत मोजलं तर सूत वाढेल. समितीला हवं होतं ते सुताच्या आधाराने आलेलं गणित, कापसाच्या आधाराने आलेला भूगोल. पण ते तराजूवर ठेवता येत नव्हतं आणि सूत ठेवता येत होतं.

१९४४ च्या सार्जंट अहवालाने हस्तोद्योगाची कल्पना घेतली, पण वस्तू विकून शिक्षणाचा खर्च निघेल ही अपेक्षा सोडून दिली. फार तर हस्तोद्योगाच्या साहित्याचा जादा खर्च निघेल, असं त्यात म्हटलं. शाळा चालवायचा पैसा सरकारनेच द्यायचा, हा प्रश्न तिथे जवळजवळ मिटला. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा असं सांगितलं आणि आपली चर्चा त्या ६ टक्क्यांभोवती फिरू लागली. हार्टोगचा प्रश्न मात्र तिथेच राहिला, दार ते वर्गाचा शेवट या मधल्या वाटेचं काय?

आता माझ्या आलेखाकडे या. वर्धा जिल्ह्यातल्या एखाद्या गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे असं समजा. ६० पर्यंत पट असेल तर शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दोन शिक्षक. हिशेबापुरता प्रत्येकाचा पगार महिना ५०,००० धरू. वर्षाला १२ लाख. पट ४० असेल तर दर मुलामागे ३०,००० रुपये. काही वर्षांत पालकांनी मुलं तालुक्याच्या खासगी शाळेत घातली आणि पट १६ वर आला. पगार तोच, शिक्षक तेच, पण दर मुलामागे खर्च झाला ७५,०००. आलेखावर ही शाळा अडीचपट "जास्त खर्च करणारी" दिसेल. प्रत्यक्षात तिथे एक पैसाही वाढलेला नाही. वर आता तेच दोन शिक्षक चार वर्ग एकत्र बसवून शिकवतात आणि जी १६ मुलं उरली ती बहुधा गावातल्या सगळ्यात गरीब घरांतली. म्हणजे शिकणं कमी दिसलं तर दोष खर्चाचाही नाही आणि शिक्षकाचाही नाही, तुलनाच चुकली आहे. मार्गदर्शक छेद विचारत होते तो हा.

बरं, पैसा खरोखर वाढला तर? इंडोनेशियाने २००५ च्या कायद्यानंतर प्रमाणित शिक्षकांचा पगार जवळपास दुप्पट केला. संशोधकांनी ३६० शाळांत याचा प्रयोग करून पाहिला. शिक्षक जास्त समाधानी झाले, जोडधंदा करणं कमी झालं. मुलांच्या गुणांत मात्र दोन-तीन वर्षांनंतरही फरक दिसला नाही. पगार आवश्यक असेल, पण मूल कुठे अडलंय याच्याशी त्या जादा पैशाचा काही संबंध नव्हता.

याउलट मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांतला 'बालसखी' प्रयोग बघा. मागे पडलेल्या १५-२० मुलांना रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन वाचन आणि आकडेमोड यांचा पाया पक्का करायचा, तोही थोड्या मानधनावर काम करणाऱ्या स्थानिक तरुणींकडून. खर्च किरकोळ होता. दुसऱ्या वर्षी गुण ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले. पण कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने हा फायदा ०.१ च्या आसपास उतरला. म्हणून "स्वस्तात काम होतं, मग अंदाजपत्रक कापा" असा निष्कर्ष कुणी काढला तर तोही चूक. तो प्रयोग उभा होता तो आधीपासून पगारी शिक्षक आणि वर्गखोल्या असलेल्या शाळेच्या खांद्यावर.

तेव्हा प्रस्ताव लिहिताना "खर्च वाढला तर शिकणं वाढतं का?" हा प्रश्न तसाच ठेवू नका. जादा रुपया नेमका कोणत्या खात्यात गेला, तो वर्षाच्या कोणत्या महिन्यात शाळेत पोचला आणि त्यामुळे मुलासमोर बसलेल्या माणसाच्या दिवसात कोणता तास बदलला, एवढं लिहा. वर्ध्याच्या समितीला निदान हे माहीत होतं, की तिने दिवसातली ३ तास २० मिनिटं कशाला दिली. माझ्या पहिल्या आलेखात तेवढीही माहिती नव्हती.