मुझफ्फरपूरची पहाट आणि मेंदूची भूक

बिहारमधील मुझफ्फरपूर हा लिचीचा जिल्हा. १९९५ पासून तेथे दर उन्हाळ्यात, लिची पिकण्याच्या सुमारास, एक गूढ आजार डोके वर काढीत असे. रात्री धडधाकट झोपलेले लहान मूल पहाटे किंचाळत उठे, त्याला झटके येत, शुद्ध हरपे आणि कित्येकदा काही तासांतच ते दगावे. लोक याला ‘चमकी बुखार’ म्हणत. डॉक्टरांना प्रथम मेंदूज्वराच्या विषाणूचा संशय आला. परंतु अनेक मुलांना आरंभी ताप नव्हता आणि बहुतेकांच्या पाठीच्या कण्यातून काढलेल्या द्रवात संसर्गाची खूण ठरणाऱ्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या नव्हत्या. विषाणू शोधूनही सापडत नव्हता. उत्तर दडले होते ते मेंदूच्या अन्नात.

मेंदू किती खातो हे मोजण्याची रीत १९४० च्या दशकात अमेरिकेत सेमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी घालून दिली. व्यक्तीला अल्प प्रमाणात नायट्रस ऑक्साइड हुंगवून त्यांनी मेंदूकडे जाणाऱ्या आणि तेथून परतणाऱ्या रक्तातील त्या वायूचे प्रमाण तपासले. त्यावरून मेंदूतील रक्तप्रवाह निघाला आणि दोन्ही रक्तांतील ऑक्सिजन व ग्लुकोजच्या फरकावरून मेंदूचा खर्च. प्रौढ मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. परंतु विश्रांतीत शरीर वापरते त्यापैकी सुमारे २० टक्के ऑक्सिजन एकटा मेंदू घेतो. दिवसाकाठी त्याला सुमारे १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज लागते.

हा खर्च होतो कशावर? प्रत्येक चेतासंदेशाबरोबर सोडियमचे आयन पेशीत शिरतात आणि पोटॅशियमचे बाहेर पडतात. त्यांना पूर्वस्थानी नेणारे पंप सतत चालवावे लागतात. मेंदूची बरीचशी ऊर्जा या कामात जाते आणि झोपेतही हे काम थांबत नाही. इतकी भूक असूनही मेंदूचे स्वतःचे कोठार जवळजवळ रिकामे असते. स्निग्धाम्ले तो इंधन म्हणून फारशी वापरू शकत नाही. उपास लांबला तर यकृत चरबीपासून कीटोन द्रव्ये बनवते. तेवढाच त्याचा पर्यायी शिधा. पाच वर्षांच्या आसपासच्या मुलाचा मेंदू तर विश्रांतीतील एकूण ऊर्जेपैकी सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा खर्च करतो.

आता त्या रात्रीकडे पाहू. कुपोषित मूल दिवसभर बागेत लिची खाते आणि संध्याकाळी न जेवताच झोपी जाते. त्याच्या यकृतातील ग्लायकोजेनचा साठा मुळातच तुटपुंजा. तो पहाटेपूर्वीच संपतो. एरवी यकृत चरबी जाळून त्या ऊर्जेवर नवे ग्लुकोज घडवते आणि कीटोनही पुरवते. परंतु लिचीतील हायपोग्लायसिन आणि मेथिलीन सायक्लोप्रोपाइल ग्लायसिन ही द्रव्ये चरबीचे ज्वलनच रोखतात. मेंदूचा मुख्य शिधा आणि पर्यायी शिधा असे दोन्ही एकाच वेळी तुटतात.

रक्तशर्करा दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरू लागली की ॲड्रेनलिन स्रवते; घाम सुटतो, छाती धडधडते. सुमारे ५० च्या आसपास विचार मंदावतो, शब्द आठवत नाहीत, साधा हिशेब चुकतो. आणखी घट झाल्यास गुंगी, झटके आणि बेशुद्धी येते. झोपलेल्या मुलाच्या बाबतीत आरंभीच्या इशाऱ्यांची कोणालाच दाद लागत नाही. घरच्यांना दिसतो तो थेट झटका.

भारताचे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र आणि अमेरिकी तज्ज्ञ यांनी २०१४ च्या उन्हाळ्यात या साथीचा अभ्यास केला. मुझफ्फरपूरच्या दोन रुग्णालयांत ३९० रुग्ण दाखल झाले. त्यांपैकी १२२ दगावले. दाखल होताना ज्यांची शर्करा मोजली गेली, त्यांच्यातील ६२ टक्के रुग्णांत ती ७० किंवा त्याहून कमी होती. तपासलेल्या ७३ रुग्णांपैकी ४८ जणांच्या लघवीत लिचीतील विषद्रव्यांचे अवशेष सापडले; तुलनेसाठी घेतलेल्या इतर मुलांच्या नमुन्यांत ते नव्हते. रात्री न जेवलेल्या मुलांमध्ये लिचीचा धोका अधिक दिसला.

लिची हे एकच कारण आहे का, यावर मतभेद झाले. विषद्रव्यांचे अवशेष सर्वच रुग्णांत आढळले नव्हते. शिवाय पोटभर जेवणारी मुले तीच फळे खाऊन सुखरूप राहतात. परंतु उपायासाठी हा वाद मिटण्याची वाट पाहावी लागत नाही. झटके आलेल्या मुलाची शर्करा तत्काळ तपासून ती कमी असल्यास शिरेतून डेक्स्ट्रोज देणे, आणि लिचीच्या हंगामात कोणतेही मूल संध्याकाळी उपाशी झोपू न देणे, हे दोन्ही उपाय साधे आहेत. तरीही २०१९ मध्ये या आजाराने पुन्हा शंभराहून अधिक मुलांचा बळी घेतला. आजाराचे रहस्य बरेचसे उलगडले होते. संध्याकाळचे ताट मात्र प्रत्येक घरी पोहोचले नव्हते.