बिलाच्या ओळीचा तारा

विक्रीच्या सपाट शीटमधून फॅक्ट आणि डायमेन्शन अशी टेबलं वेगळी काढायची रीत राल्फ किम्बल यांच्या नावावर जमा आहे. त्यांचं ‘द डेटा वेअरहाऊस टूलकिट’ १९९६ साली आलं आणि स्टार स्कीमा हा शब्द घरोघरच्या आयटीवाल्यांच्या तोंडी झाला. पण किम्बल हे श्रेय स्वतःकडे घेत नाहीत. जनरल मिल्स ही अमेरिकेतली खाद्यपदार्थांची कंपनी आणि डार्टमथ कॉलेज यांच्या १९६० च्या दशकातल्या एकत्रित संशोधनातून हे दोन शब्द आले, असं ते सांगतात. पुढे ए. सी. नील्सन आणि आयआरआय यांनी ते रुळवले. कोणता साबण, कोणत्या भागात, कोणत्या आठवड्यात किती खपला, ही माहिती कारखानदारांना विकणं हा या दोघांचा धंदा. त्या प्रश्नात ‘किती’ एकच आहे आणि ‘कोणता, कुठे, कधी’ हे त्याच्या भोवती आहेत. ताऱ्याचा आकार तिथेच ठरला.

२६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावच्या एका सुपरमार्केटात च्युइंगमचं पाकीट बारकोडवरून स्कॅन झालं. तेव्हापासून बिलाची एकेक ओळ आपोआप नोंदली जाण्याची सोय झाली. ती ठेवायची कशी, याचं एक उत्तर आधीच तयार होतं. एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल पद्धतीत एक गोष्ट एकाच जागी लिहायची, म्हणजे दुरुस्तीही एकाच जागी होते. नोंद करणाऱ्याला ते उत्तम. अहवाल मागणाऱ्याला मात्र डझनभर टेबलं जोडत बसावं लागे. किम्बल यांनी १९८६ साली काढलेल्या रेड ब्रिक कंपनीचा डेटाबेस नेमका याच वाचणाऱ्यासाठी होता.

आता एक कल्पित शीट घेऊ. प्लंबिंग सामानाच्या वितरकाचं बिल क्रमांक १०४१, नाशिकच्या एका दुकानदाराच्या नावे. पाइप २,००० रुपयांचे, एल्बो १,२०० चे, सोल्युशन ९०० चं. शिवाय टेम्पोभाडं ३००. बिल झालं ४,४०० रुपयांचं. शीटमध्ये या बिलाच्या तीन ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीवर दुकानदाराचं नाव, शहर, तारीख, मालाचा प्रकार आणि ‘भाडं ३००’ पुन्हा पुन्हा लिहिलेलं.

सगळ्यात आधी ठरवायचं ते हे, की फॅक्ट टेबलातली एक ओळ म्हणजे नेमकं काय. इथे उत्तर ‘बिलावरची एक ओळ’. हे न ठरवता टेबलं पाडायला घेतली की भाड्याची बेरीज ९०० होते आणि बिल ५,००० चं दिसतं. भाडं हे अख्ख्या बिलाचं आहे, ओळीचं नाही. ते किमतीच्या प्रमाणात वाटलं तर १४६.३४, ८७.८० आणि ६५.८५ येतात, बेरीज २९९.९९. राहिलेला पैसा शेवटच्या ओळीत टाकायचा, नाहीतर वर्षअखेरीस हिशेबनीस तुमच्या मागे लागलाच म्हणून समजा.

मग ग्राहक, वस्तू आणि तारीख यांची वेगळी टेबलं. तारखेच्या टेबलात एप्रिल ते मार्च हे आर्थिक वर्ष एकदाच लिहून ठेवावं. प्रत्येक ग्राहकाला आपला स्वतःचा साधा क्रमांक द्यायचा आणि फॅक्टमध्ये नाव-शहराऐवजी तेवढाच ठेवायचा. बिल क्रमांकाचं मात्र वेगळं टेबल करू नये. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही उरलेलंच नसतं, तो फॅक्टमध्येच राहतो.

घोटाळा होतो तो इथे. शीटमध्ये कुठे ‘नाशिक’, कुठे शेवटी एक स्पेस असलेलं ‘नाशिक ’. नाव-शहराच्या वेगळ्या जोड्या काढल्या की एकाच दुकानदाराच्या दोन ओळी बनतात. मग नुसत्या नावावर जोडणी केली की त्याची प्रत्येक विक्री दुप्पट होते आणि ४,१०० चा माल ८,२०० चा. उलट, नाव सापडलंच नाही तर इनर जॉइन ती ओळ मुकाट्याने गाळतो. दोन्ही दोष एकाच तपासणीत पकडता येतात:

```sql
SELECT COUNT(*), SUM(amount) FROM raw_sales;

SELECT COUNT(*), SUM(f.amount)
FROM fact_sales f
JOIN dim_customer c
  ON c.customer_key = f.customer_key;
```

दोन्हीकडे ओळी आणि रक्कम तंतोतंत जुळायला हवी. नुसती ओळींची संख्या जुळून भागत नाही. एक ओळ गळून दुसरी दुप्पट झाली तरी ती जुळते.

आपला क्रमांक द्यायचं खरं कारण पुढे कळतं. हा दुकानदार ऑक्टोबरात पुण्याला गेला. त्याचं शहर नुसतं बदललं तर एप्रिलची विक्रीही पुण्याच्या खात्यात जाते आणि नाशिकच्या सेल्समनचं टार्गेट मागे जाऊन बुडतं. म्हणून जुनी ओळ तशीच ठेवून तिला समाप्तीची तारीख द्यायची आणि पुण्यासाठी नव्या क्रमांकाची नवी ओळ करायची. मात्र फॅक्ट भरताना क्रमांक बिलाच्या तारखेवरून शोधावा लागतो. सप्टेंबरचं राहिलेलं बिल नोव्हेंबरात आलं आणि आज चालू असलेली ओळ उचलली, तर ते पुण्यात जाऊन बसतं. अशा वेळी वरची तपासणी काहीही बोलत नाही. त्यासाठी शहरवार बेरीज मूळ शीटशी वेगळी ताडून पाहावी लागते.